साडेतीनशे ‘नाही’ आणि एक ‘हो’

तीनशे नऊ अंकांची एक मूळ संख्या हवी आहे. ती आजवर कोणी पाहिलेली नसावी आणि पुढेही तुमच्याशिवाय कोणाला कळू नये. कुठून आणाल?

गणितज्ञांकडे यासाठी एखादं सूत्र असेल असं वाटतं, किंवा निदान एखादा जाडजूड कोश. दोन्ही नाही. सर्व्हरवर आरएसए पद्धतीची नवी किल्ली तयार होते तेव्हा आतला प्रोग्रॅम जे करतो ते इतकं साधं आहे, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थट्टाच वाटावी. तो ३०९ अंकांची कुठलीतरी विषम संख्या उचलतो, ती मूळ आहे का ते तपासतो, नसेल तर टाकून देतो आणि दुसरी उचलतो. मूळ संख्या हाती लागेपर्यंत हेच चालू. जगभरातल्या आरएसए किल्ल्यांचा धंदा या उचल-तपास-टाक यावर चालतो.

आधी एवढा आकडा कशासाठी, ते थोडक्यात. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली मांडलेली आरएसए पद्धत एका विषमतेवर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण नुसता गुणाकार हातात देऊन ‘यातल्या मूळ दोन संख्या काढ’ म्हटलं, तर जगातले सगळे संगणक मिळूनही थकतात. आज सर्रास वापरली जाणारी किल्ली २०४८ बिटांची असते, म्हणजे तो गुणाकार ६१७ अंकी असतो आणि त्याच्या पोटातल्या दोन मूळ संख्या प्रत्येकी १०२४ बिटांच्या, म्हणजे ३०९ अंकी. गुणाकार जगजाहीर असतो, त्या दोन संख्या गुप्त. म्हणून त्या नुसत्या मूळ असून भागत नाही, कोणाला अंदाजही येणार नाही अशा असाव्या लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या चार कोटींहून अधिक अंकांची आहे, पण किल्लीसाठी ती शून्य कामाची, कारण ती सगळ्यांना माहीत आहे.

आता खरा प्रश्न: असे किती प्रयत्न करावे लागतील? मूळ संख्या जर फारच विरळ असतील, तर हा प्रोग्रॅम जन्मभर संख्या टाकतच बसेल.

त्या पुढे पुढे विरळ होत जातात हे शाळेतही जाणवतं. पहिल्या शंभरांत २५ मूळ संख्या, म्हणजे चारांत एक. पहिल्या हजारांत १६८, म्हणजे सहांत एक. पहिल्या दहा लाखांत ७८,४९८, म्हणजे साधारण तेरांत एक. गाउस पंधरा-सोळा वर्षांचा असताना असे तक्ते चाळत बसायचा, आणि त्या वयात त्याला एक गोष्ट दिसली: ही विरळ होण्याची चाल अगदी शिस्तीची आहे. एखाद्या मोठ्या संख्येच्या आसपास मूळ संख्या सापडण्याचं प्रमाण त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिथमवर ठरतं. हे त्याने कुठे छापलं नाही, १८४९ मध्ये एंके नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात सांगितलं. पक्की सिद्धता आली ती १८९६ साली, फ्रान्समध्ये आदामारकडून आणि बेल्जियममध्ये द ला व्हॅली पूसँकडून, दोघांची स्वतंत्रपणे.

लॉगॅरिथमचं नाव ऐकून दचकायचं कारण नाही. एकावर किती शून्यं आहेत ते मोजा आणि २.३ ने गुणा. दहा लाखांवर सहा शून्यं, म्हणून सुमारे १४. दहा लाखांच्या आसपास साधारण दर चौदा संख्यांत एक मूळ असते. आपल्या ३०९ अंकी संख्येसाठी हाच हिशेब केला की उत्तर येतं ७१० च्या जवळपास. त्या अफाट उंचीवरसुद्धा दर सातशे दहा संख्यांत एक मूळ संख्या उभी आहे. शून्यं ६ वरून ३०८ वर गेली, संख्या कल्पनेच्या पलीकडे वाढली, पण विरळपणा फक्त पन्नासपट वाढला. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली नवलाची गोष्ट हीच आहे, बाकी सगळं तपशील.

सम संख्या उचलायच्याच नाहीत असं ठरवलं की निम्मं काम वाचतं: सरासरी ३५५ प्रयत्न. आणि साठा संपायची भीती? १०२४ बिटांच्या मूळ संख्यांची संख्याच तीनशेहून अधिक अंकी आहे. त्यांची यादी करायची तर विश्वातले अणू पुरणार नाहीत. दोन माणसांनी नीट, खरोखर यादृच्छिकपणे संख्या उचलल्या तर दोघांना एकच मूळ संख्या मिळेल, ही काळजी करू नये. ‘नीट’ या शब्दावर मात्र बरंच अवलंबून आहे, त्याकडे पुढे येतो.

सरासरी ३५५ म्हणजे ३५५ व्या खेपेला संख्या सापडणारच, असं नाही. लुडोमध्ये सोंगटी बाहेर काढायला सहा लागतात. सरासरी सहाव्या फेकीला पडायला हवेत, पण कोणाला पहिल्याच फेकीत पडतात आणि कोणी वीस-वीस फेकी नुसता बसून राहतो. फाशाला मागचं काही आठवत नाही, ‘आता तरी पडायलाच हवेत’ हे फक्त खेळणाऱ्याच्या मनात असतं. इथेही प्रत्येक नवी संख्या म्हणजे ३५५ मध्ये एक अशी कोरी संधी. हिशेब मांडला तर निम्म्या वेळा काम २४६ प्रयत्नांच्या आतच उरकतं. शंभरांतल्या ३७ वेळा ३५५ च्या पुढे जावं लागतं. शंभरांतल्या सहा वेळा हजारही पुरत नाहीत. कमाल मर्यादा अशी नाहीच. किल्लीला दोन मूळ संख्या लागतात, त्यामुळे दोन्ही मिळून सरासरी ७१० प्रयत्न. म्हणूनच एकाच यंत्रावर एक किल्ली चुटकीसरशी तयार होते आणि पुढची तिच्या कितीतरी पट वेळ घेते. यंत्र बिघडलं म्हणून घाबरायचं कारण नाही. उलट प्रत्येक किल्लीला तंतोतंत सारखाच वेळ लागत असेल, तर आत काय शिजतंय ते पाहायला हवं.

टाकायच्या संख्या लवकर टाकण्याची युक्ती जुनीच आहे. मोठी परीक्षा महाग असते, म्हणून आधी चाळणी लावायची: ३, ५, ७ ने भाग जातो का पाहायचं. एवढ्या तिघांनीच ३५५ पैकी १६२ उरतात, निम्म्याहून अधिक बाद. ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की ८५ उरतात. पुढे मात्र चाळणी आळसावते. ७१९ पर्यंत गेलं, म्हणजे आणखी शंभरेक भागाकार केले, तरी ८५ चे ६० होतात, एवढंच. छोट्या संख्या पुष्कळांचा काटा काढतात, मोठ्या फारच थोड्यांचा. म्हणून प्रोग्रॅम एका ठिकाणी थांबतो आणि उरलेल्या पाच-सहा डझन उमेदवारांना खऱ्या परीक्षेला बसवतो.

ती परीक्षा भागाकाराची नाही. ३०९ अंकी संख्येचे विभाजक शोधायला बसलो तर तेच अशक्य काम झालं, ज्याच्या भरवशावर आरएसए उभी आहे. संख्येचे तुकडे न करता ती तुटते की नाही हे ओळखायचं आहे. वाट दाखवली ती फर्माने, १६४० साली. त्याचं म्हणणं असं: संख्या मूळ असेल, तर तिच्याहून लहान कोणतीही संख्या घ्या, तिचा ‘एक कमी’ इतका घात करा आणि मूळ संख्येने भागा. बाकी नेहमी १ उरते.

कागद-पेन्सिल घेऊन ९१ ची परीक्षा करू. आधार घेऊ २. आपल्याला हवा २ चा नव्वदावा घात, ९१ ने भागल्यावरची बाकी. २ चा बारावा घात ४०९६. त्यातून ९१ गुणिले ४५, म्हणजे ४०९५, वजा केले की बाकी १. म्हणजे दर बारा घातांनी गाडी पुन्हा १ वर येते. ८४ घात असे सात फेऱ्यांत संपले, उरले सहा, आणि २ चा सहावा घात ६४. बाकी १ नाही, ६४ आहे. निकाल: ९१ मूळ नाही. लक्षात घ्या, ९१ ला कशाने भाग जातो हे आपल्याला अजून कळलेलंच नाही, तरी निकाल पक्का आहे. प्रत्यक्षात ३०९ अंकी संख्येचंही हेच होतं. डझनावारी उमेदवार बाद होतात आणि त्यांचे विभाजक कधीच कोणाला कळत नाहीत.

आता आधार ३ घेऊ. ३ चा सहावा घात ७२९, आणि ९१ गुणिले ८ म्हणजे ७२८. बाकी १. नव्वद हा सहाच्या पटीत, म्हणून ३ च्या नव्वदाव्या घाताची बाकीही १. ९१ परीक्षेत चक्क पास! फर्माची कसोटी अशी फसते. ५६१ सारख्या काही संख्या तर, आधारात त्यांचा स्वतःचाच विभाजक दडलेला नसेल तर, प्रत्येक वेळी पास होतात.

गॅरी मिलर (१९७६) आणि मायकेल रेबिन (१९८०) यांनी या भोकाला बूच मारलं. नव्वदाच्या निम्मे पंचेचाळीस. ३ चा पंचेचाळिसावा घात किती बाकी देतो ते पाहू: बेचाळीस घात सहा-सहाने संपले, उरले तीन, म्हणून बाकी २७. या २७ चा वर्ग केला की बाकी १ येते, ते आपण पाहिलंच. पण भाजक मूळ असेल तर वर्ग करून १ देणाऱ्या संख्या दोनच असू शकतात: १, किंवा भाजकाहून एक कमी, इथे ९०. आपल्याकडे तर २७ आहे. ९१ पकडला गेला. इथे गंमत म्हणून आणखी एक पाहा: २७ मधून एक वजा केला की २६, एक मिळवला की २८. २६ मध्ये १३ लपलेले आहेत, २८ मध्ये ७, आणि ७ गुणिले १३ म्हणजे ९१.

मिलर-रेबिनची परीक्षा ‘मूळ नाही’ म्हणाली तर ते ब्रह्मवाक्य. ‘मूळ आहे’ म्हणाली तर मात्र ते संभाव्य. कितीही लबाड संयुक्त संख्या असली, तरी यादृच्छिक आधार घेतल्यावर एका फेरीत फसवण्याची तिची शक्यता चारांत एकाहून जास्त नसते. फेऱ्या वाढवत नेलं की शंका झपाट्याने विरते. यादृच्छिकपणे उचललेली ३०९ अंकी संख्या तर एका फेरीतही जवळपास कधीच फसवत नाही. संख्या दुसऱ्या कोणी आणून दिली असेल तर गोष्ट वेगळी, कारण मुद्दाम घडवलेली लबाड संख्या असू शकते. २०१८ साली काही संशोधकांनी अशा संख्या प्रचलित प्रोग्रॅममधून पास करून दाखवल्या, आणि पुढे ओपनएसएसएल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमने २०४८ बिटांपर्यंतच्या संख्येसाठी ६४ फेऱ्या ठरवून टाकल्या.

शंभर टक्के खात्रीची आणि तरीही जलद कसोटी असते का, हा प्रश्न २००२ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये सुटला. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी अशी कसोटी दिली आणि ती जगभर गाजली. पण किल्ल्या बनवताना ती कोणी वापरत नाही. सिद्धान्ताच्या भाषेत जलद असली, तरी मिलर-रेबिनच्या मानाने ती फार मंद आहे.

ज्यांच्या संगणकावर पायथन आहे त्यांना ३५५ चा आकडा स्वतः पडताळता येईल. खालचा तुकडा चाळणी लावत नाही, दर खेपेला नवी १०२४ बिटांची विषम संख्या उचलतो आणि आधार २ घेऊन फर्माची कसोटी लावतो. मूळ संख्येपर्यंत किती प्रयत्न लागले, ते आकडे छापतो.

```
import secrets

def tries(bits=1024):
    n = 0
    while True:
        n += 1
        c = secrets.randbits(bits) | (1 << (bits - 1)) | 1
        if pow(2, c - 1, c) == 1:
            return n

print([tries() for _ in range(10)])
```

दहा आकडे येतील आणि ते एकमेकांशी मुळीच मिळतेजुळते नसतील. दोनचार वेळा चालवून सरासरी काढली की ती साडेतीनशेच्या आसपास घुटमळायला लागते.

या तुकड्यात `secrets` या शब्दावर सगळी भिस्त आहे, कारण संख्या कुठून उचलायची ते तिथे ठरतं. गणित कधी दगा देत नाही, दगा देते ती ही उचल. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांची आपसात तुलना केली. सुरक्षित जोडणी देणाऱ्या यंत्रांपैकी अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. कारण काय, तर राउटरसारखी छोटी यंत्रं पहिल्यांदा चालू होताच किल्ली बनवायला घेत. त्या क्षणी त्यांच्याकडे यादृच्छिक असं काही जमलेलंच नसे, म्हणून एकाच बनावटीची दोन यंत्रं पहिली मूळ संख्या एकच उचलत. दुसरी उचलेपर्यंत घड्याळ पुढे सरकलेलं असे, म्हणून ती वेगळी येई. वाईट झालं ते याच्यामुळेच. समजा एकाची किल्ली ९१ आणि दुसऱ्याची ११९. विभाजक कोणालाच माहीत नाहीत. पण ११९ मधून ९१ गेले, उरले २८, आणि ९१ मधून २८ तीनदा काढले, उरले ७. तो दोघांत सामाईक असलेला ७ आहे. ही मसाविची शाळकरी रीत ६१७ अंकी किल्ल्यांवरही क्षणात चालते. दोन्ही संख्या वेगवेगळ्या आल्या असत्या तर काही बिघडलं नसतं, आणि दोन्ही सारख्या आल्या असत्या तर दोन्ही यंत्रांची किल्ली एकच निघाली असती, जे उघड दिसलं असतं. एकच जुळली, म्हणून कुलूप उघडलं.

दुसरी घटना प्रयत्न वाचवण्याच्या हव्यासाची. स्मार्टकार्डवरची चिप दुबळी असते, तिला शेकडो संख्या चाळायला वेळ लागतो. इन्फिनिऑन कंपनीच्या प्रोग्रॅमने यावर एक शक्कल लढवली. २ पासून ७०१ पर्यंतच्या १२६ मूळ संख्यांचा गुणाकार आधीच करून ठेवायचा, आणि उमेदवार अशा साच्यातून काढायचा की त्यातल्या एकानेही त्याला भाग जाणारच नाही. साच्यात त्या गुणाकाराची एक यादृच्छिक पट घ्यायची आणि त्यात ६५५३७ च्या एखाद्या घाताची त्याच गुणाकाराने भागून आलेली बाकी मिळवायची. चाळणीची गरजच संपली, प्रत्येक उमेदवार चाळूनच जन्माला येतो. पण १०२४ बिटांच्या संख्येत खरोखर यादृच्छिक भाग एक तृतीयांशाहून कमी उरला. बाकीचा साच्याने ठरवून टाकला.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मसारिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे उघडकीस आणलं. किल्ली साच्यातली आहे हे ओळखायला गुप्त काही लागतच नाही, सार्वजनिक आकडा पुरतो. ६५५३७ ला ११ ने भागलं की बाकी १० येते, आणि १० चे घात ११ ने भागले की बाकी आलटून-पालटून १० आणि १ येत राहते. म्हणून साच्यातल्या किल्लीला ११ ने भागा, बाकी १ किंवा १० च येणार. नीट बनवलेल्या किल्लीत ती १ ते १० पैकी काहीही येऊ शकते. ३७ ने भागून पाहा: साच्यातल्या किल्लीत १, १० आणि २६ या तीनच बाक्या येतात, एरवी छत्तीस शक्य असतात. अशा दहा-वीस भागाकारांत संशयाला जागा उरत नाही. अशी २०४८ बिटांची किल्ली फोडायला एका प्रोसेसरला १४१ वर्षं लागतील, असा त्यांचा अंदाज होता. ऐकायला मोठा वाटतो, पण काम हजारो प्रोसेसरांत वाटता येतं, आणि भाड्याने घेतलेल्या यंत्रांचा खर्च वीस ते चाळीस हजार डॉलर येतो.

या चिपा एस्टोनियाच्या राष्ट्रीय ओळखपत्रांत होत्या. तिथे मतदानापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं त्या कार्डावर चालतं. नोव्हेंबर २०१७ च्या सुरुवातीला सरकारने सुमारे ७ लाख ६० हजार कार्डांची प्रमाणपत्रं स्थगित केली आणि लोकांना घरबसल्या किंवा कार्यालयात जाऊन कार्ड अद्ययावत करायला सांगितलं. नव्या किल्ल्या आरएसएच्या नव्हत्या. त्या लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीने बनवल्या होत्या. त्या पद्धतीत लागणारी मोठी मूळ संख्या सगळ्यांसाठी एकच, आधीच ठरलेली आणि जगजाहीर असते. गुप्त किल्ली म्हणून मर्यादेतली कुठलीही यादृच्छिक संख्या चालते, ती मूळ असायची गरज नाही. त्यामुळे दुबळ्या चिपेलाही तिथे ना चाळणी लावावी लागते, ना साडेतीनशे संख्या टाकाव्या लागतात. संख्या नीट उचलण्याची जबाबदारी मात्र तिथेही सुटत नाही.